शाळेला पत्र लिहिताना नेमके आकडे द्या

‘मुलीला उजेड सहन होत नाही’ एवढंच लिहिलं, तर शाळा तिच्या टॅबची स्क्रीन नुसती मंद करते आणि अक्षरंही फिकी पडतात. म्हणून पत्राआधी घरी दिवसाउजेडी तिला टॅबवर सेटिंग बदलून अर्धा तास वाचायला लावा आणि ज्या सेटिंगवर जमलं ती टिपून ठेवा. मग लिहा:

“माननीय मुख्याध्यापिका मॅडम, पाचवीतल्या माझ्या मुलीचे डोळे प्रखर उजेडात मिटतात. कृपया तिच्या टॅबचा ब्राइटनेस ४० टक्के, अक्षरं २० पॉइंट आणि फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर ठेवावा. नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.”

हे आकडे आमचे. तुमचे वेगळे निघतील. काळ्यावर पांढरी अक्षरं काही मुलांना पसरट दिसतात, तेही तपासा. खिडकीपासून लांबची जागा मात्र मागाच, टॅबच्या काचेवर पडणारी चमक सेटिंगने जात नाही.