पार्श्वभूमी एकच, तरी फोटो वेगवेगळे का दिसतात?

कोल्हापुरी चपला विकणाऱ्या एका मैत्रिणीच्या दुकानासाठी मी फोटो करून देते. पहिल्या बारा चपला दिवाळीत, खिडकीच्या उजेडात काढल्या होत्या. पुढच्या आठ पावसाळ्यात, एलईडीखाली. दोन्ही वेळा मागचा कपडा कापून तोच रंग भरला, #F3EFE8. तरी वीसही फोटो शेजारी लावले तेव्हा आठ चपला दुसऱ्याच दुकानातल्या वाटत होत्या. चामड्याचा तांबूस रंग त्यांत निळसर, मळका झाला होता.

कारण असं, की मागचा रंग बदलला तरी चपलेवर पडलेला उजेड जुनाच राहतो. म्हणून जुळवायची ती चप्पल, पार्श्वभूमी नव्हे. खालच्या पायऱ्या GIMP साठी आहेत, पण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये रीत हीच.

१. एक नग साक्षीला ठेवा. पहिल्या खेपेतली एक चप्पल जपून ठेवा आणि दर खेपेला सर्वांत आधी तिचाच फोटो काढा. तीच वस्तू दोन्ही उजेडांत समोर असली की फरक मोजता येतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर प्रत्येक फोटोत रंग वेगळा सरकेल आणि एका मापाने सगळे सुधारता येणार नाहीत.

२. फरक मोजा आणि घालवा. Color Picker मध्ये Sample average चालू करून अंगठ्याजवळची तीच सपाट जागा दोन्ही फोटोंत टिपा. आमच्याकडे जुन्या फोटोत लाल 176, हिरवा 112, निळा 62 आले. नव्यात लाल 166, हिरवा 112, निळा 78. हिरवा जुळत होता, म्हणजे प्रकाशाचं प्रमाण जवळपास तेच होतं आणि गडबड फक्त लाल-निळ्यात होती. मग Colors → Levels मध्ये Red निवडून मधला त्रिकोण डावीकडे सरकवला, Blue मध्ये उजवीकडे, आकडे जुळेपर्यंत. तिन्ही आकडे एकाच दिशेने चुकलेले असतील तर आधी Value मध्ये उजळपणा सारखा करा, रंगाला नंतर हात लावा. ही जुळणी नाव देऊन प्रीसेट म्हणून जतन केली आणि नव्या आठही फोटोंना तीच लावली.

एक मर्यादा मात्र आहे. एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने दिवा असेल, तर चपलेची एक कड निळी आणि दुसरी पिवळी पडते. ती एका प्रीसेटने सुधारत नाही. फोटो परत काढा, वेळ वाचेल.

३. कडा तपासा. फोटो २०० टक्के मोठा करून पट्ट्याची कड बघा. जुन्या कपड्याच्या रंगाची बारीक रेघ दिसली तर मास्क करण्याआधी Select → Shrink एक पिक्सेल द्या. रेघ गेली तरी हिरव्या कपड्याची झाक चामड्यावर आतपर्यंत उमटलेली असते. त्यासाठी वर नवा लेयर घ्या, मोड HSL Color करा, शेजारच्या स्वच्छ चामड्याचा रंग उचला आणि मऊ ब्रशने तेवढ्याच भागावर फिरवा. छटा बदलते, चामड्याचा पोत तसाच राहतो.

४. सावली चमकेकडे बघून द्या. चामड्यावर चमक डावीकडे असेल तर सावली उजवीकडेच पडायला हवी. एका खेपेत चमक डावीकडे आणि दुसऱ्या खेपेत उजवीकडे असेल, तर फोटो आडवा उलटवण्याचा मोह होतो. तसं करू नका; तळव्यावरचा शिक्का उलटा वाचला जातो. त्यापेक्षा सगळ्याच फोटोंत तळाला चिकटलेली एक अरुंद गडद सावली आणि तिच्याभोवती फिकी, पसरट सावली ठेवा. ती कुठल्याही दिशेला झुकलेली नसली की डोळा अडत नाही.

५. माप ठरवा. २००० पिक्सेलच्या चौकोनी कॅनव्हासचा एक साचा करा आणि एका सेंटीमीटरला ५० पिक्सेल धरा. २८ सेंटीमीटरची चप्पल मग १४०० पिक्सेल लांब येते, २४ ची १२००. सगळ्या चपला चौकट भरेपर्यंत ताणल्या तर लहान मुलाची चप्पल मोठ्या माणसाच्या चपलेएवढी दिसते. कॅमेऱ्याची उंची आणि कोन मात्र नंतर सुधारत नाहीत. म्हणून स्टँडच्या पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवा आणि उंची वहीत लिहून ठेवा.

शेवटी सगळे फोटो लहान करून एका पानावर रांगेने लावा आणि एकदा Colors → Desaturate करून बघा. रंग गेला की जास्त उजळ किंवा जास्त गडद झालेला फोटो लगेच उठून दिसतो. आमच्या आठांपैकी दोन तेव्हाच सापडले.