तक्त्याच्या छायाचित्रावरून तुकडीनिहाय नमुना ठरवताना

शाळेच्या पटसंख्येच्या तक्त्याचे छायाचित्र हाती असेल, तर भागाकाराला हात घालण्यापूर्वी तुकड्यांची बेरीज स्वतः करून ती छापील एकूण संख्येशी ताडून पाहावी. समजा, अ, ब, क आणि ड या तुकड्यांत अनुक्रमे ४८, ४३, ३६ आणि ३८ विद्यार्थी दिसतात. बेरीज १६५ येते, पण तक्त्यात एकूण १६० आहे. फरक नेमका ५ असल्यास अंधुक छायाचित्रात इंग्रजी अंकांतील ३ हा ८ असा वाचला गेल्याची शक्यता प्रथम तपासावी. मूळ तक्ता पाहता ड तुकडीत ३३ विद्यार्थी निघाले, असे धरू.

आता २५ जणांचा नमुना हवा असल्यास प्रत्येक तुकडीची संख्या २५ ने गुणून १६० ने भागावी. उत्तरे सुमारे ७.५०, ६.७२, ५.६३ आणि ५.१६ येतात. ती नेहमीप्रमाणे पूर्णांकात आणली, तर ८, ७, ६ आणि ५ मिळून २६ होतात, म्हणजे एक जण जास्त. म्हणून आधी केवळ पूर्णांक घ्यावेत (७, ६, ५, ५, बेरीज २३) आणि उरलेल्या दोन जागा ज्यांचा अपूर्णांक सर्वांत मोठा, त्या ब आणि क तुकड्यांना द्याव्यात. अंतिम वाटप ७, ७, ६, ५ असे होते. चुकीच्या ३८ वर हीच रीत वापरली असती, तर ७, ७, ५, ६ आले असते. बेरीज तेव्हाही २५ च भरते, त्यामुळे ही चूक शेवटी पकडता येत नाही.