ऑफर लेटरमधला आकडा आणि खात्यात जमा होणारा पगार

अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी पगाराचं काम बघते. नवीन मुलं पहिल्या पगारानंतर स्लिप घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, पावणेबावीस हजार ठरले होते ना?"

ठरले होते, पण तो सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. महिना २१,७५५ रुपये सीटीसी असलेल्या मुलाची स्लिप पाहू. बेसिक १२,०००, घरभाडे भत्ता ४,८०० आणि विशेष भत्ता २,२०० मिळून १९,००० झाले. हा ग्रॉस. उरलेले २,७५५ स्लिपवर शोधू नका. त्यात कंपनीने भरायचा पीएफ आणि त्याचे शुल्क १,५६०, ईएसआयचा कंपनीचा वाटा ६१८ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ५७७ आहे.

आता कपात. पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआय मात्र ग्रॉसवर पाऊण टक्का, १४३ रुपये. याच्या बदल्यात सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात उपचार मिळतात, तेव्हा ते कार्ड काढून घ्याच. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. मुलींनी ही ओळ जरूर तपासावी. एकूण कपात १,७८३, हातात १७,२१७. खोलीचं भाडं आणि गाडीचा हप्ता याच आकड्यावर ठरवा.

रक्कम याहून कमी आली, तर आधी हजेरीचे दिवस बघा. दोन दिवस बिनपगारी झाले आणि कंपनी ३० ने भागत असेल, तर ग्रॉसमधून १,२६७ जातात. २६ ने भागत असेल तर १,४६२. आपल्याकडे कोणता भागाकार आहे, हे रुजू होतानाच विचारून ठेवा. बेसिकही त्याच प्रमाणात घटतं, म्हणून त्या महिन्यात पीएफ थोडा कमी कापला जातो.

स्लिपवर पीएफ कापलेला दिसला म्हणजे तो भरला गेलाच, असं धरून चालू नका. कंपनीने तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. स्लिपवरचा यूएएन क्रमांक वापरून उमंग ॲपवर पासबुक उघडा. तिथे तुमचे १,४४० दिसतील, पण कंपनीचे फक्त ४४० दिसतील. ते पाहून बरेच जण घाबरतात. कंपनीच्या वाट्यातले १,००० पेन्शन योजनेत जातात आणि ते शेजारच्या रकान्यात असतात. मात्र दोन-तीन महिन्यांची नोंदच नसेल, तर स्लिपा जपून ठेवा आणि आमच्यासारख्या पगार विभागाकडे लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर त्याच स्लिपा जोडून तक्रार करता येते.