फुकट ईएसएक्सआय पहिल्यांदा टाकताय? डेटास्टोअरच्या या चुका टाळा

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं फुकट ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं होतं, ते एप्रिल २०२५ मध्ये 8.0 Update 3e सोबत परत आलं, आणि तेव्हापासून नागपुरात जुना सर्व्हर हाती लागलेला प्रत्येक जण मला फोन करतो. चुका मात्र त्याच त्या.

पहिली चूक इन्स्टॉलच्या पहिल्याच मिनिटात होते. ईएसएक्सआय डिस्कवरची साधारण १३८ जीबी जागा स्वतःसाठी घेऊन ठेवतं. आभासी मशीनच्या फाइली जिथे राहतात तो डेटास्टोअर उरलेल्या जागेत बनतो. त्यामुळे १२० जीबीच्या एसएसडीवर टाकलं की डेटास्टोअर दिसतच नाही, आणि लोक एसएसडी खराब म्हणून दुकानात परत न्यायला निघतात. एसएसडी ठणठणीत असते. इन्स्टॉलर सुरू होताना Shift+O दाबा आणि खाली दिसणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून हे टाका:

```
systemMediaSize=min
```

मग ते ३३ जीबीतच भागवतं. हे फक्त इन्स्टॉल करतानाच ठरतं, नंतर बदलायची सोय नाही. Enter वर Enter दाबत सुटणाऱ्यांना म्हणूनच सगळं पुन्हा टाकावं लागतं. पाच मिनिटं वाचवायला जाऊन अख्खी संध्याकाळ जाते.

आता दुसरी चूक. हिच्यावर मी पोटतिडकीने बोलतो, कारण हिच्यापायी एक रात्र जागलो आहे.

हिंगण्याच्या एका कारखान्यात सर्व्हरला एकच ४८० जीबीची एसएसडी होती. वरचा पर्याय न देता इन्स्टॉल केलेलं, म्हणून डेटास्टोअर ३१० जीबीच्या आसपास. त्यावर दोन गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, एक बिलिंगचा आणि एक फाइलींचा, दोघांनाही २०० जीबीची थिन डिस्क. थिन म्हणजे डिस्क २०० ची दिसते, पण जागा वापराल तशीच भरते. ४०० जीबीचं वचन ३१० मध्ये दिलेलं, पण सुरुवातीला दोन्ही मिळून १२० च भरल्या होत्या, म्हणून सगळे निर्धास्त.

त्यात कुणीतरी अपडेटच्या आधी, गरज पडली तर मागे जाता यावं म्हणून, बिलिंगचा स्नॅपशॉट घेतला आणि काढायचा राहिला. तो असेपर्यंत पुढचे सगळे बदल वेगळ्या फाइलीत साठत जातात. चार महिन्यांत मूळ डिस्क ८०, स्नॅपशॉटची फाइल ६०, फाइलींचा गेस्ट १३० वर गेला. शिवाय प्रत्येक गेस्ट सुरू असताना त्याच्या रॅमएवढी .vswp फाइल डेटास्टोअरवर बनते, हे कुणाच्या लक्षातच नसतं. १६-१६ जीबी रॅमचे दोन गेस्ट, म्हणजे ३२ जीबी. वर आयएसओ फाइलींचे ८ जीबी. झाले ३१०.

महिनाअखेरीच्या रात्री बिलिंग जागच्या जागी थांबलं. वेब पानावर जागा संपल्याचा निरोप आणि दोन बटणं, Retry आणि Cancel. तिथला पोरगा Cancel दाबणार होता. त्याने गेस्ट तिथल्या तिथे बंद पडला असता आणि मेमरीतलं न लिहिलेलं काम गेलं असतं. मी फोनवरच थांबवलं. फाइलींचा गेस्ट नीट शटडाउन करायला लावला, त्याची १६ जीबीची .vswp आपोआप गेली, मग आयएसओ उडवल्या. एवढी जागा झाल्यावर Retry दाबलं, आणि बिलिंग जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागलं. स्नॅपशॉट मात्र लगेच काढला नाही. तो मूळ डिस्कमध्ये मिसळताना थिन डिस्क फुगते आणि आणखी जागा मागते. आधी दुसरी डिस्क लावून फाइलींचा गेस्ट तिकडे हलवला, मगच स्नॅपशॉट काढला.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. सगळ्या डिस्कांचा पूर्ण आकार अधिक सगळ्यांची रॅम, ही बेरीज डेटास्टोअरच्या ८० टक्क्यांत बसली पाहिजे. बसत नसेल तर डिस्क बनवतानाच लहान ठेवतो. पहिल्या गेस्टला सगळी जागा आधीच अडवणारी थिक डिस्कच देतो, म्हणजे जागा कमी असेल तर ते बनवतानाच कळतं. आणि दर सोमवारी विसरलेले स्नॅपशॉट शोधतो:

```
find /vmfs/volumes/ -name "*-sesparse.vmdk"
```

डेटास्टोअर व्हीएमएफएस-६ प्रकारचा असेल तर हे चालतं. काही सापडलं, तर कुणीतरी स्नॅपशॉट तसाच ठेवला आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. मदरबोर्डवरच्या रेडवर विसंबू नका, ईएसएक्सआयला त्या डिस्क सुट्याच दिसतात. घरगुती बोर्डावरचं रिअलटेक नेटवर्क कार्ड थेट चालत नाही, इंटेलचं जुनं कार्ड शोधा. गेस्ट आयएसओवरून सुरू होत नसेल, तर सीडी ड्राइव्हसमोरची Connect at power on ची खूण आधी बघा. विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल, तर कंट्रोलर पॅराव्हर्च्युअल ठेवलेला असतो, LSI Logic SAS करा. गेस्टला ८ पेक्षा जास्त व्हीसीपीयू या फुकट आवृत्तीत देता येत नाहीत. बाहेरून अख्ख्या गेस्टचा बॅकअप घेणारी नेहमीची सॉफ्टवेअरंही इथे चालत नाहीत, म्हणून बॅकअप गेस्टच्या आतूनच घ्या, आणि तो याच एसएसडीवर ठेवू नका.