क्रिप्टोचा हिशोब: एकूण नफ्याच्या आकड्यावर विसंबू नका

जुलै लागला की रामबागेतल्या आमच्या ऑफिसात क्रिप्टोवाली मुलं येतात आणि फोन पुढे करतात. "काका, वर्षभरात पाचच हजार सुटलेत, त्यावर टॅक्स लावा." अ‍ॅपमधला हा एकूण आकडा आयकराच्या कामाचा नाही. १ एप्रिल २०२२ पासून प्रत्येक व्यवहाराचा नफा स्वतंत्र धरला जातो. त्यावर ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के सेस. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

आता ते पाच हजार उलगडून पाहू. समजा, एकानं १ लाखाचं बिटकॉइन घेतलं. भाव चढल्यावर ते देऊन थेट ईथर घेतलं, तेव्हा त्याची किंमत होती १ लाख ४० हजार. पुढे ईथर पडलं आणि १ लाख ५ हजारांना विकावं लागलं. बँकेत पैसे आले ते शेवटच्या विक्रीचेच, म्हणून वहीत नोंदही तेवढीच. पण कॉइन देऊन कॉइन घेणं हीसुद्धा विक्रीच. पहिल्या ओळीत नफा ४० हजार, दुसरीत तोटा ३५ हजार. रिटर्नमध्ये क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेसाठी व्हीडीए शेड्यूल असतं; त्यात प्रत्येक व्यवहाराची एक ओळ, आणि तोट्याच्या ओळीपुढे शून्य धरतात. कर बसतो ४० हजारांवर: १२ हजार आणि सेस ४८०. म्हणजे सुटले पाच हजार आणि भरायचे साडेबारा! पोरं ऐकून गप्प होतात, पण कायदा तसाच आहे.

म्हणून अदलाबदलीच्या दिवशीच त्या क्षणाचा रुपयातला भाव टिपून ठेवा. वर्षाअखेरीस तो शोधत बसलात तर एकाच दिवसाचे तीन वेगळे भाव सापडतात. ओळीत खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदी किंमत आणि विक्री किंमत हवी; शेड्यूल हेच मागतं. एकच कॉइन तुकड्यातुकड्यानं घेतलं असेल, तर आधी घेतलेलं आधी विकलं असं धरा आणि मध्येच पद्धत बदलू नका.

दुसरी चूक विक्री किमतीची. खात्यात आलेली रक्कम लिहू नका. वरच्या ईथरवर १ टक्का टीडीएस, म्हणजे १,०५० रुपये कापले गेले, तरी विक्री १ लाख ५ हजारांचीच. कापलेला टीडीएस २६एएस या आयकर खात्याच्या उताऱ्यात दिसतो आणि देय करातून वळता होतो. एक्सचेंजची विक्रीवरची फी मात्र वजा मिळत नाही, कारण खरेदी किमतीखेरीज कुठलाच खर्च चालत नाही.

आणि व्यवहारांची सीएसव्ही फाइल दर महिन्याला उतरवून घ्या. एक्सचेंज बंद पडलं किंवा खातं गोठवलं, तर खरेदीचा पुरावा तिथेच अडकतो. मग ती किंमत सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.