बारा मिनिटांत बरा झालेला हात : मिनी स्ट्रोकनंतरच्या चौदा दिवसांत काय करावे

सकाळी दाढी करताना उजव्या हातातला रेझर खाली पडला. पुन्हा उचलायला गेले तर बोटं वळेनात. बायकोला हाक मारली, पण तोंडातून शब्दांऐवजी काहीतरी भलतंच बाहेर पडलं. बारा मिनिटांनी हात पूर्ववत, बोलणंही स्वच्छ. "अहो, दवाखान्यात जाऊ," असं बायको म्हणाली. त्यावर उत्तर आलं, "आता बरं आहे की! रात्री हात अंगाखाली आला असेल."

हे गृहस्थ सहासष्ट वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. मधुमेह आहे, ब्लडप्रेशर आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसवला आहे. माझ्याकडे येणाऱ्या तीन-चार पेशंटचे तुकडे जोडून मी हा माणूस उभा केलाय, पण "आता बरं आहे की" हे वाक्य मात्र जसंच्या तसं आहे. या लेखात त्यांनाच सोबत घेऊन पुढची पावलं बघू.

पहिलं पाऊल : जिभेखाली काही ठेवू नका

हृदयाच्या पेशंटच्या घरी सॉर्बिट्रेटची पट्टी फ्रीजवर किंवा पाकिटात असतेच. छातीत दुखलं की गोळी जिभेखाली आणि ॲस्पिरिन चावून खायची, हे शिकवलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. पण हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर यातलं काहीही द्यायचं नाही. सॉर्बिट्रेटने रक्तदाब झपकन खाली येतो, आणि ज्या भागात आधीच रक्त कमी पोचतंय तिथे ते आणखी कमी होतं. ॲस्पिरिनचं कारण वेगळं आहे. हृदयाचा झटका जवळपास नेहमी गुठळीमुळे येतो. मेंदूचा झटका गुठळीमुळेही येतो आणि रक्तवाहिनी फुटूनही येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, सीटी स्कॅनशिवाय ओळखता येत नाहीत. फुटलेल्या नसेवर ॲस्पिरिन म्हणजे आगीत तेल.

मग करायचं काय? घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची: शेवटचं नीट कधी होतं, आणि कधी बिघडलं. १०८ ला फोन करायचा. त्रास चालू असेपर्यंत तो स्ट्रोकच समजायचा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. थोडा वेळ थांबून बघू म्हणणाऱ्यांचा त्यातला एक तास तरी चहा करण्यात जातो.

दुसरं पाऊल : बरं वाटलं, तरी त्याच दिवशी जा

लक्षणं आपोआप गेली आणि मेंदूत कायमची इजा उरली नाही, तर त्याला ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक म्हणतात, टीआयए किंवा बोलीत मिनी स्ट्रोक. त्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वात धोक्याचे. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त एवढंच बदललं होतं: टीआयए किंवा किरकोळ स्ट्रोकच्या पेशंटना तपासायला आणि औषध सुरू करायला लागणारे दिवस कमी केले. पुढच्या नव्वद दिवसांतले स्ट्रोक १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. नवं औषध नव्हतं, उशीर तेवढा काढून टाकला होता.

धोक्याचा अंदाज घ्यायला डॉक्टर एक छोटी बेरीज करतात. आपल्या गृहस्थांची करून बघू. वय साठच्या वर, एक गुण. दवाखान्यात ब्लडप्रेशर १५२/९०, एक गुण. एका बाजूचा अशक्तपणा, दोन गुण. त्रास दहा मिनिटं ते तासाभरात संपला, एक गुण. मधुमेह, एक गुण. सातपैकी सहा झाले, म्हणजे घरी पाठवायचंच नाही. पण उलटा अर्थ काढू नका. बेरीज कमी आली म्हणून मेंदूला रक्त नेणारी मानेची धमनी स्वच्छ असेलच असं नाही, ती बघावीच लागते.

नुसती चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसलात, किंवा दोन्ही हातांना मुंग्या आल्या, तर ते सहसा मानेच्या धमनीचं काम नसतं. चक्करसाठी काढलेल्या डॉपलरमध्ये, म्हणजे मानेच्या धमन्यांच्या सोनोग्राफीत, "तीस टक्के ब्लॉकेज" निघतं आणि घरचे घाबरतात, हे मी दर महिन्याला बघतो.

तिसरं पाऊल : बाजू जुळवून बघा

हे पाऊल घरच्यांनाही करता येतं, आणि बरेचदा इथेच गोंधळ होतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. म्हणून उजवा हात आणि बोलणं एकदम गेलं, तर संशयित मानेची डावी धमनी, म्हणजे कॅरॉटिड. डोळ्याचं मात्र उलट आहे. एका डोळ्यावर वरून खाली पडदा ओढल्यासारखं होऊन काही मिनिटांत दृष्टी परत आली, तर दोषी धमनी त्याच बाजूची असते, कारण डोळ्याला रक्त देणारी फांदी मेंदूत शिरण्याआधीच फुटते.

आपल्या गृहस्थांच्या डॉपलरमध्ये डावी धमनी ७५ टक्के अरुंद निघाली आणि उजवी ५५ टक्के. उजवा हात गेला होता, म्हणून गुन्हेगार डावी. उजवीत चरबीचा थर आहे, पण तिने अजून काही केलेलं नाही, आणि उपचारात हा फरक फार मोठा ठरतो.

डॉपलरवर थांबू नका. आपल्याकडच्या लोकांमध्ये मानेपेक्षा कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त असतं, आणि मानेचा डॉपलर तिथवर पोचत नाही. मानेची आणि डोक्याची मिळून सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी मागा. सोबत ईसीजी, शक्य तर चोवीस तासांची हृदयाची नोंदही. ठोके अनियमित पडत असतील तर गुठळी हृदयातूनही आलेली असू शकते, आणि मग औषधाचा प्रकारच बदलतो.

चौथं पाऊल : ऑपरेशनची तारीख चौदा दिवसांच्या आत

मानेच्या धमनीतून रक्त कमी पोचतं, म्हणून मेंदू गळून जातो, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. मेंदूच्या तळाशी चारही धमन्या एकमेकींना जोडणारी एक वाटोळी वाट असते, त्यामुळे एक बाजू आखडली तरी दुसरीकडून रक्त मिळतं. खरी अडचण म्हणजे चरबीच्या थरावर साचलेली गुठळी. तिचा तुकडा सुटतो, वर जाऊन अडकतो आणि सुदैव असेल तर विरघळतो. थर ताजा भेगाळलेला असताना तुकडे सुटत राहतात, आठवड्यांनी तो शांत होतो. घाई आहे ती यासाठी.

आकडे हेच सांगतात. टीआयए किंवा छोटा स्ट्रोक होऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्क्यांपेक्षा अरुंद असलेल्या पेशंटवर १९९१ साली उत्तर अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक नुसत्या औषधांवर २६ टक्क्यांना झाला, ऑपरेशन करून ९ टक्क्यांना. नंतर अशा अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावर कळलं की दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर पाच जणांमागे एक स्ट्रोक टळतो, बारा आठवड्यांनंतर केलं तर त्यासाठी १२५ ऑपरेशनं लागतात. "दिवाळी होऊ दे, मुलगी येऊ दे" म्हणण्याची किंमत एवढी.

ऑपरेशनमध्ये मानेवर छेद देऊन धमनी उघडतात आणि आतला थर सोलून काढतात. सर्जनला एक प्रश्न न संकोचता विचारा: "तुमच्याकडे या ऑपरेशननंतर महिन्याभरात स्ट्रोक किंवा मृत्यू किती टक्के?" लक्षणं झालेल्या पेशंटमध्ये तो आकडा सहाच्या आत हवा. स्टेंट हाही पर्याय आहे, पण तार थरातून पुढे जाताना तुकडे सुटू शकतात, त्यामुळे सत्तरीपुढे ऑपरेशनचं पारडं जड. हृदयाचा त्रास असलेल्यांना उलट ऑपरेशनमध्ये हृदयाच्या झटक्याचा धोका थोडा जास्त. म्हणून आपल्या गृहस्थांच्या बाबतीत हृदयाच्या डॉक्टरांचं मत आधी घ्यावं लागलं. घरी आल्यावर ब्लडप्रेशर चढून एका बाजूचं डोकं ठणकायला लागलं तर लगेच कळवायचं, मेंदूत अचानक जास्त रक्त गेल्याची ती खूण असू शकते.

उजव्या ५५ टक्क्यांवर हात लावायचा नाही, तिथे औषधं आणि ठरावीक काळाने डॉपलर पुरतात. आणखी एक उलटी गोष्ट: मानेची धमनी १०० टक्के बंद झाली असेल तर ती सहसा उघडत नाहीत. बंद वाटेतून तुकडे येण्याचा धोका बराच कमी होतो. "हृदयातली तर उघडली होती की," असं नातेवाईक म्हणतात, पण हृदयाची मागणी वेगळी आहे. तिथे त्या स्नायूला चालताना रक्त पुरलं पाहिजे.

पाचवं पाऊल : जुन्या चिठ्ठीकडे नव्याने बघा

आपले गृहस्थ म्हणाले, "माझं ॲस्पिरिन चालूच होतं, मग झालं कसं?" ॲस्पिरिन हृदय आणि मेंदू दोन्हींना सारखंच वाचवतं, हा समज जुना आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या २२ हजार पुरुष डॉक्टरांवरच्या अभ्यासाचा निकाल आला: ॲस्पिरिन घेणाऱ्यांना हृदयाचे झटके ४४ टक्क्यांनी कमी, स्ट्रोक मात्र कमी नाही. २००५ साली तिथल्याच निरोगी बायकांवर केलेल्या अभ्यासात उलटं: स्ट्रोक १७ टक्क्यांनी कमी, हृदयाचे झटके जवळपास तेवढेच.

दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही असंच. हृदयात स्टेंट बसवला की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल बरेच महिने एकत्र चालतात. टीआयएनंतर हीच जोडी पहिल्या एकवीस दिवसांत मोलाची, कारण स्ट्रोकचा धोका त्याच काळात एकवटलेला असतो. पुढे चालू ठेवली तर फायदा संपतो आणि रक्तस्राव वाढतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अठरा महिने क्लोपिडोग्रेलला ॲस्पिरिन जोडून बघितलं: स्ट्रोक म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. म्हणून चिठ्ठीवर कुठली गोळी कोणत्या तारखेला बंद करायची ते लिहून घ्या. तसं लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी पेशंट दोन्ही गोळ्या घेत मेडिकलमधून बाहेर येताना दिसतो.

ब्लडप्रेशरचं वजनही वेगळं. हृदयासाठी कोलेस्टेरॉल आणि सिगारेट जास्त बोलतात, मेंदूसाठी ब्लडप्रेशर. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्ट्रोक किंवा टीआयए होऊन गेलेल्यांचं प्रेशर सरासरी ९/४ अंकांनी खाली आणलं, आणि पुढचे स्ट्रोक २८ टक्क्यांनी कमी झाले. लांबचं लक्ष्य साधारण १३०/८० च्या खाली, पण दोन्ही बाजूंच्या धमन्या फार अरुंद असतील तर ते घाईने खाली आणत नाहीत. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली ठेवायचं, आणि ते कमी करणारं स्टॅटिन हृदय आणि मेंदू दोन्हींना उपयोगी असल्याने इथे भांडण नाही.

आपल्या गृहस्थांचं ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. क्लोपिडोग्रेल एकविसाव्या दिवशी थांबवलं, ॲस्पिरिन आणि स्टॅटिन राहिलं, प्रेशरची एक गोळी वाढली. फ्रीजवरची सॉर्बिट्रेटची पट्टी बायकोने तशीच ठेवली, फक्त तिच्यावर पेनाने लिहिलं: "छातीसाठी. हाता-तोंडासाठी नाही."