बिघडलेली भुवई आणि आखूड कापलेली बट : वाढ होईपर्यंत या चुका टाळा

थ्रेडिंग करताना कपाळाची त्वचा एका हाताने वर आणि पापणीची त्वचा दुसऱ्या हाताने खाली ताणून धरावी लागते. दोरा टोचला की समोरची व्यक्ती दचकते, हाताची पकड सैल पडते आणि त्या क्षणी दोऱ्याच्या पिळात एका केसाऐवजी केसांची अख्खी ओळ सापडते. भुवई बिघडण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. त्यात बहुतेक वेळा कमानीच्या पुढचा भाग, म्हणजे भुवईची शेपूट, बारीक होते किंवा तुटते. मात्र खरे नुकसान त्या ओळीमुळे फारसे होत नाही. ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत होते, कारण त्या दहा मिनिटांत चांगली भुवई बिघडलेल्या भुवईसारखी करून मागितली जाते.

ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. डावी बारीक झाली म्हणून उजवी बारीक करायची, मग उजवी थोडी जास्त गेली म्हणून पुन्हा डावीला दोरा लावायचा, हा खेळ सुरू झाला की शेवटी दोन्ही डोळ्यांवर दोन रेघा उरतात. बारीक भुवई पेन्सिलने भरता येते. जाड भुवई मात्र चेहऱ्यावर मापाला तशीच असावी लागते, कारण भरलेली बाजू कुणाच्या मापाने भरायची हे तीच सांगते. म्हणून चांगल्या बाजूचा एकही केस काढू नये आणि खुर्चीवरून तसेच उठावे.

गेल्या लग्नसराईत माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते, कारण तिच्याकडून या विषयातल्या जवळजवळ सगळ्याच चुका एका रात्रीत झाल्या होत्या. भावाच्या हळदीला बारा दिवस उरले होते. दुसऱ्या एका पार्लरमध्ये तिच्या डाव्या भुवईची शेपूट उजवीपेक्षा चार-पाच मिलिमीटर आधीच संपवली गेली होती आणि कमानीखालची कडाही आत खाल्ली गेली होती. घरी जाऊन तिने काजळाच्या पेन्सिलने ती भुवई काढून पाहिली, ती कोळशाने रेघ ओढल्यासारखी दिसली, तेव्हा भुवई झाकायची म्हणून न्हाऊन आल्या-आल्या ओल्या केसांची पुढची बट कात्रीने कापली. तिचे केस कुरळे आहेत. ओले असताना भुवईपर्यंत पोहोचणारी बट वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर चढून बसली.

काजळ भुवईला का चालत नाही हे आधी पाहू. काजळाची पेन्सिल मऊ आणि तेलकट असते, कारण तिला पापणीच्या नाजूक कडेवरून न ओढता फिरायचे असते. तीच कपाळाच्या तेलात मिसळली की तासाभरात पसरते. शिवाय तिचा रंग ठार काळा असतो. आपले केस काळे दिसत असले तरी भुवईच्या केसांमधून त्वचा डोकावत असते, त्यामुळे लांबून भुवईचा रंग कधीच पूर्ण काळा वाटत नाही. काळ्याभोर केसांनाही गडद किंवा किंचित करडसर तपकिरी छटा शोभते. तांबूस तपकिरी मात्र टाळावी, कारण ती उन्हात मेंदी लागल्यासारखी दिसते.

भुवई भरण्याची कृती त्या मुलीला आरशासमोर बसवून शिकवली, ती अशी. कपाळ टिपकागदाने टिपून भुवईवर अगदी चिमूटभर पारदर्शक पावडर लावायची, कारण केस नसलेल्या गुळगुळीत त्वचेवर पेन्सिलचा मेणचट रंग धरत नाही. मस्काऱ्याचा जुना ब्रश कोमट पाणी आणि शाम्पूने स्वच्छ धुऊन वाळवलेला असेल तर त्याने भुवईचे केस वर विंचरायचे, म्हणजे नेमकी पोकळी कुठे आहे ते दिसते. मग एक सरळ पेन्सिल नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला टेकवून तीन ठिकाणी पाहायचे. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून उभी धरली की भुवईची सुरुवात कळते, सरळ समोर पाहत बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी धरली की कमानीचा उंच भाग आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून धरली की शेपटीचे टोक. हे तीन ठिपके आधी चांगल्या भुवईवर ताडून पाहावेत. ती ठिपक्यांपासून थोडी हटून असेल तर बिघडलेल्या बाजूलाही तेवढेच हटावे. पुस्तकी मापापेक्षा स्वतःच्या दुसऱ्या भुवईचे माप मोठे.

आता रेघ ओढायची नाही. बारीक टोकाच्या पेन्सिलने दोन-तीन मिलिमीटरचे सुटे फटकारे मारायचे, आणि तेही केस ज्या दिशेने उगवतो त्या दिशेने : सुरुवातीला वर, मधल्या भागात तिरके, शेपटीकडे खाली. तिच्या बाबतीत आम्ही कमानीच्या खालच्या कडेपासून सुरुवात केली, कारण तिथे आत गेलेली वाट भरली की शेपूट आपोआप कुठे न्यायची ते उमगते. शेपटीच्या शेवटच्या चार-पाच मिलिमीटरवर एकही केस उरला नव्हता, तिथे पेन्सिल घसरत होती. म्हणून तेवढ्या भागात स्केचपेनसारख्या टोकाचे ब्रो पेन वापरले आणि वरून त्याच छटेची कोरडी पावडर तिरक्या ब्रशने दाबली. नाकाकडची सुरुवात मात्र जवळजवळ तशीच ठेवली. तिथे रंग गडद झाला की चेहरा रागावल्यासारखा दिसतो, आणि भुवई काढलेली आहे हे सर्वांत आधी तिथूनच ओळखू येते.

यात एक सूक्ष्म चूक हमखास होते. आरशाला नाक लावून भुवई काढताना आपण नकळत एक भुवई उचलतो, आणि बहुतेकांची उचलणारी बाजू नेहमी ठरलेली असते. त्या अवस्थेत दोन्ही बाजू सारख्या केल्या की चेहरा सैल सोडल्यावर त्या वेगळ्या दिसतात. म्हणून दर चार-पाच फटकाऱ्यांनंतर हातभर मागे सरकावे, तोंड किंचित उघडे ठेवून चेहरा सैल सोडावा आणि खिडकीच्या उजेडात पाहावे. दोन्ही भुवया मुळात कुणाच्याच हुबेहूब सारख्या नसतात. बिघडण्याआधीचा समोरून काढलेला एखादा फोटो शेजारी ठेवला तर नसलेला दोष दुरुस्त करण्याचे कष्ट वाचतात.

वाढ होण्याच्या काळात होणाऱ्या चुका वेगळ्या आहेत आणि त्यांचे मूळ अधीरपणात आहे. भुवईचा केस महिन्याला साधारण चार-पाच मिलिमीटर वाढतो. दोऱ्याने तो मुळासकट निघालेला असल्याने त्वचेबाहेर पुन्हा दिसायलाच काही आठवडे लागतात, आणि सगळे केस एकाच वेळी परत येत नाहीत, कारण प्रत्येक मूळ आपापल्या विश्रांतीच्या टप्प्यात असते. रेझरने कापलेल्या भुवईचे खुंट थोड्याच दिवसांत दिसू लागतात. दोऱ्याने गेलेल्या ओळीला मात्र दोन महिने तर द्यावेच लागतात, पूर्ण भरायला तीन-चारही लागतात. या काळात भुवईखाली विखुरलेले बारीक केस उगवतात, ते अस्वच्छ दिसतात, आणि तिसऱ्या आठवड्यात हात पुन्हा पार्लरकडे वळतो. नेमके तेच केस हरवलेल्या कडेचे असतात. दोन्ही भुवयांच्या मधले आणि पापणीवर अगदी खाली उतरलेले केस चिमट्याने एकेक करून, दिवसाउजेडी काढायला हरकत नाही. भुवईच्या कडेपासून पाच मिलिमीटरच्या आतले काहीही काढू नये.

एरंडेल तेलाचा उपाय प्रत्येक घरात कुणीतरी सुचवतेच. त्याने केस मऊ आणि गडद दिसतात हे खरे, पण केस लवकर उगवतात याला भक्कम पुरावा नाही, आणि रात्री भरपूर लावलेले तेल डोळ्यात उतरून चुरचुरते ते वेगळेच. केस वाढावेत म्हणून डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल हे औषध तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय डोळ्याजवळ नेऊच नये. घाबरून लगेच मायक्रोब्लेडिंग, म्हणजे त्वचेत बारीक छेद देऊन रंग भरणे, करून घेणे ही आणखी मोठी चूक आहे : त्यातला रंग वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकतो, आणि खालून स्वतःचे केस दुसऱ्याच रेषेत उगवले की दोन भुवया एकीवर एक दिसू लागतात. चार महिन्यांनंतरही एखादा भाग मुळीच उगवला नाही, किंवा दोरा न लावताच शेपटीचे केस विरळ होऊ लागले किंवा गोल चट्टा पडला, तर तो पार्लरचा प्रश्न नाही. थायरॉइड किंवा चाईसारखे कारण तपासून घ्यावे.

आता कापलेल्या बटेकडे वळू. डोक्याचा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कपाळाच्या मध्यावर आलेली बट भुवईपर्यंत यायला साधारण तीन महिने. तोपर्यंत ती इस्त्रीने सरळ करून खाली ओढण्याचा मोह होतो. सरळ केसांत कात्रीची वाकडी रेषा अधिकच उठून दिसते आणि दमट हवेत ती तासाभरात पुन्हा वर चढते. शिवाय बट कपाळावर असली की घाम आणि तेलाने भुवईवरचा रंग पुसला जातो. भुवई झाकायला कापलेली बटच भुवई उघडी पाडते. म्हणून तिला खाली आणायचे नाही, बाजूला न्यायचे.

त्या मुलीचा भांग मधला होता, तो आम्ही डाव्या भुवईच्या कमानीच्या रेषेत, म्हणजे पुष्कळ बाजूला नेला. भांग नुसता कंगव्याने बदलला तर मुळे जुन्याच बाजूला वळतात. म्हणून मुळाशी ओल असतानाच ड्रायरचा झोत उलट दिशेने देऊन, बोटांनी दाबून केस थंड होऊ दिले. मग आखूड बटेत मागचे दोन बोटे रुंदीचे लांब केस मिसळून भांगापासून कानाकडे सैल पीळ घालत नेला, त्यामुळे आखूड टोके पिळात गुंतली. कानामागे दोन काळ्या पिना फुलीसारख्या आडव्या-उभ्या लावल्या. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवली आणि लावण्याआधी पिनेवरच थोडा हेअर स्प्रे मारला. सपाट बाजू आत गेली की पीन अर्ध्या तासात घसरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पीळ घट्ट ओढला नाही, कारण रोज ताणून बांधलेल्या केसांची कपाळाकडची मुळे सैल पडतात.

हळदीच्या दिवशी त्या पिळाखालून मागे सैल अंबाडा आणि त्याला गजरा, एवढेच केले. तिने भुवई स्वतः काढली; बारा दिवस रोज सकाळी ती सराव करत होती आणि पहिल्या दिवशीची वीस मिनिटे पाचवर आली होती. नऊ आठवड्यांनी ती पहिल्यांदा थ्रेडिंगला बसली, तेव्हा डावी कडा जवळजवळ उजवीइतकी भरली होती. या वेळी पापणी तिने दोन्ही हातांनी ताणून धरली, आणि मी डाव्या बाजूचे पाच केस काढले.